लाईट सारखी जाणाऱ्या गावच्या घराला कोणतं सोलर: ऑनग्रिड, ऑफग्रिड की हायब्रिड?

प्रश्न: गावाकडे घर आहे, रोज चार-पाच तास लाईट जाते, महिन्यातून एखाद-दोन वेळा रात्रभर नसते. महिन्याला साधारण २०० युनिट जळतात. फ्रिज, ३ पंखे, टीव्ही, लाईट आणि पाण्याची १ एचपीची मोटर आहे. एक जण म्हणतो ऑनग्रिड घ्या बिल झिरो होईल, दुसरा म्हणतो ऑफग्रिड, तिसरा हायब्रिडच्या मागे लागलाय. नक्की काय घ्यावं?

उत्तर:

बिलावरून ठरवू नका, लाईट कधी जाते त्यावरून ठरवा. चार-पाच तास जाते एवढं पुरेसं नाही, ते तास दिवसाचे आहेत की रात्रीचे ह्यावर सगळं उत्तर बदलतं. म्हणून पहिलं काम, एक वही घ्या आणि दोन आठवडे रोज लिहा, लाईट किती वाजता गेली आणि किती वाजता आली. सोबत एक साधा प्लगमध्ये लावायचा व्होल्टेज मीटर आणा आणि दुपारी एकदा व संध्याकाळी एकदा आकडा लिहून ठेवा. हा व्होल्टेजचा आकडा का लागतो ते पुढे सांगतो, पण तो नक्की लिहा, बरेच जण नेमका तोच सोडून देतात.

आता ऑनग्रिडचं बघू, म्हणजे बॅटरी नसलेलं, थेट ग्रिडला म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला जोडलेलं सोलर, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे. लोकांना वाटतं छतावर पॅनल आहे, ऊन आहे, मग लाईट गेली तरी घर चालेल. चालत नाही. लाईट गेली की ऑनग्रिड इन्व्हर्टर दोन सेकंदाच्या आत स्वतःहून बंद होतो आणि तो बिघाड नाही, तसा नियमच आहे. तुमच्या छतावरची वीज बंद लाईनवर गेली आणि वर खांबावर वायरमन काम करत असला तर त्याचा जीव जाईल, म्हणून इन्व्हर्टरला लाईनवर वीज दिसली नाही की त्याने थांबायचंच. त्याला बायपास करून देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आणि लाईट परत आली की तो लगेच चालू होत नाही हेही लक्षात घ्या. लाईन स्थिर आहे का ते तो आधी बघतो, मॉडेल आणि सेटिंगप्रमाणे एक मिनिट ते पाच मिनिटं. लाईट दिवसातून एकदाच जात असेल तर पाच मिनिटांनी काही फरक पडत नाही, पण दर अर्ध्या तासाला झटका बसत असेल, आली-गेली आली-गेली, तर प्रत्येक झटक्यामागे ही वाट बघणं आलं आणि ते दिवसभरात बरंच जमा होतं.

किती नुकसान होतं त्याचा हिशोब तुमच्याच आकड्यांवर करू. २०० युनिट महिन्याला म्हणजे दिवसाला साडेसहा ते सात युनिट. चांगल्या उन्हात १ किलोवॅट पॅनल दिवसाला साधारण ४ युनिट देतं, म्हणजे २ किलोवॅटला ८ युनिट, कागदावर घर आरामात निघतं. पण समजा तुमच्या वहीत निघालं की लाईट रोज सकाळी १० ते दुपारी १ जाते. ते तीन तास म्हणजे उन्हाचा चांगला भाग, त्या वेळी २ किलोवॅटचं पॅनल सव्वा ते दीड किलोवॅटने चाललेलं असतं. तीन तासांत ४ युनिट. म्हणजे ८ पैकी निम्मी वीज तयारच झाली नाही, आणि त्या तीन तासांत घरातला पंखा पण बंद, डोक्यावर लखलखीत ऊन असून. उलट तेच तीन तास संध्याकाळी ७ ते १० चे असतील तर पॅनलच्या एका युनिटचंही नुकसान नाही.

म्हणून वहीत लाईट जाण्याचे बहुतेक तास अंधार पडल्यानंतरचे निघाले तर एक चौथा मार्ग आहे, जो विकणारे फारसे सांगत नाहीत: ऑनग्रिड सोलर घ्या आणि त्याच्या शेजारी साधा घरगुती इन्व्हर्टर-बॅटरी ठेवा, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दिवसा ऑनग्रिड नेट मीटरमधून, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणाऱ्या मीटरमधून, बिल कमी करेल, रात्री लाईट गेली की घरगुती इन्व्हर्टर पंखे-दिवे चालवेल. बऱ्याच घरांत असा इन्व्हर्टर आधीच असतो, मग तर खर्च फक्त सोलरचा. फक्त एक पाळायचं, ऑनग्रिडची वायर मेन बोर्डावर मीटरच्या बाजूलाच जोडली पाहिजे, चुकूनही घरगुती इन्व्हर्टरच्या आउटपुटच्या लाईनवर नको. तसं झालं तर लाईट गेल्यावर ऑनग्रिडला घरगुती इन्व्हर्टरचीच वीज दिसते, त्याला वाटतं ग्रिड आलं, आणि तो वीज त्या बिचाऱ्या इन्व्हर्टरमध्ये उलटी ढकलायला लागतो. त्यात घरगुती इन्व्हर्टर जळतो. डिझेल जनरेटरच्या बाबतीत पण हेच, चेंजओव्हर स्विच असा हवा की जनरेटर चालू असताना ऑनग्रिड पूर्ण वेगळा राहील.

आता ऑफग्रिड. ज्यात ग्रिडचा काहीच आधार नाही असं शुद्ध ऑफग्रिड, ते जिथे लाईन पोचलेलीच नाही तिथल्यासाठी. तुमच्याकडे लाईन आहे, कितीही खराब असली तरी आहे, आणि ती सोडून देण्यात शहाणपण नाही. ढगाळ आठवड्यात १ किलोवॅट पॅनल ४ च्या जागी एक-दीड युनिट देतं. सात युनिट रोज हवे असतील तर पाच-सहा किलोवॅट पॅनल लागेल आणि निदान दोन दिवसांची म्हणजे १४ युनिटची बॅटरी. आणि मग वर्षातले बाकीचे सगळे उन्हाचे दिवस तेच पॅनल दुपारी बॅटरी फुल करून नुसतं बसून राहील, कारण जास्तीची वीज जायला जागाच नाही. वर्षातल्या थोड्या वाईट दिवसांसाठी एवढं मोठं सामान घ्यायचं, आणि बॅटरी तर काही वर्षांनी बदलायचीच आहे.

त्याऐवजी ज्याला दुकानात सोलर पीसीयू म्हणतात ते बघा. हा ऑफग्रिडच आहे पण त्याला मेनची वायर आत घेता येते, म्हणजे आधी सोलर, मग बॅटरी, ते संपलं तर लाईनवर घर चालतं. वीज परत ग्रिडला मात्र देता येत नाही. लाईट अर्ध्याहून जास्त दिवस नसतेच, किंवा तुमची वीज कंपनी नेट मीटर देत नाही, किंवा दिलं तरी परत दिलेल्या युनिटचे फारच कमी मिळतात, तर हा पीसीयूच बरोबर, हायब्रिडचे, म्हणजे बॅटरी ठेवून ग्रिडलाही वीज परत देणाऱ्या सोलरचे, जास्तीचे पैसे घालू नका.

इथे एक सावधगिरी. हेच पीसीयू बरेच जण हायब्रिड म्हणून विकतात, कारण त्यात सोलर, बॅटरी आणि मेन तिन्ही आहे. घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: ह्याच्यातून वीज ग्रिडला परत जाते का, आणि नेट मीटरसाठी वीज कंपनी हे मॉडेल मान्य करते का? खऱ्या हायब्रिडला ग्रिडचं एक टर्मिनल असतं ज्यातून वीज दोन्ही बाजूंनी जाते, आणि बॅकअपचं वेगळं आउटपुट असतं, त्यावर बहुतेक वेळा `BACKUP` किंवा `EPS` लिहिलेलं असतं. पीसीयूला मेन इन आणि आउटपुट एवढंच.

पीसीयू घेतलात तर त्याच्या सेटिंगमध्ये `SBU` नावाचा पर्याय बऱ्याच मॉडेलला असतो, म्हणजे आधी सोलर, मग बॅटरी, शेवटी मेन. बिल वाचवायला हे चांगलं दिसतं म्हणून बसवणारा तेच लावून जातो. पण त्यात काय होतं, ऊन उतरलं की घर बॅटरीवर जातं, लाईट असतानाच जातं, आणि संध्याकाळी साडेआठला खरोखर लाईट जाते तेव्हा बॅटरी तळाला. लाईट सारखी जाणाऱ्या घरात एक तर प्राधान्य बदला, किंवा बॅटरीवरून मेनवर परत यायची पातळी एवढी वर ठेवा की निम्म्याहून जास्त बॅटरी कायम शिल्लक राहील.

आता तुमचं घर. वहीत दिवसाचे दोन-अडीच तास तरी रोजचे निघाले, वर संध्याकाळचे दोन तास, आणि अधूनमधून रात्रभर, असं धरून चालतो. आणि नेट मीटर मिळतंय असं धरतो. मग तुमच्यासाठी हायब्रिड, ह्यात मला शंका नाही. पण हायब्रिड नीट ठरवायचा तर घराचे दोन भाग करावे लागतात, एक लाईट गेल्यावर चालायलाच पाहिजे असा आणि एक थांबला तरी चालेल असा. हायब्रिडच्या बॅकअप आउटपुटवर फक्त पहिला भाग जोडायचा. सगळं घर बॅकअपवर टाका म्हणणाऱ्यांना विचारा, रात्री दोनला कोणी गीझर लावला तर काय होईल.

पहिल्या भागात पंखे, दिवे, फ्रिज, टीव्ही, राउटर, मोबाईल चार्जिंग. संध्याकाळचे दोन तास: ३ साधे पंखे ७५ वॅटचे म्हणजे २२५, दिवे आणि राउटर मिळून ६०, टीव्ही ७०, फ्रिज चालू-बंद होत सरासरी ६०. एकूण ४१५ वॅट, दोन तासांचे ०.८ युनिट. रात्रभर लाईट नाही असं धरलं तर पुढचे १० तास पंखे २२५, फ्रिज ६०, बाकी २५, म्हणजे ३१० वॅट, ३.१ युनिट. दोन्ही मिळून ३.९. ह्यात एक गोष्ट सगळे विसरतात ती म्हणजे इन्व्हर्टर स्वतः खातो. हायब्रिड काही न करता नुसता चालू असला तरी साधारण ५० वॅट घेतो, १२ तासांचे ०.६ युनिट. झाले साडेचार.

बाजारात ४८ व्होल्टची १०० एएचची लिथियम बॅटरी मिळते, खरा व्होल्टेज ५१.२, म्हणजे ५.१ युनिटची. त्यातलं ८५ टक्के वापरायचं, वर इन्व्हर्टरमधला तोटा, हातात ४ युनिट पडतात. तुम्हाला हवेत साडेचार. आता इथे विक्रेता म्हणेल दोन बॅटऱ्या घ्या. घेऊ नका, पंखे बदला. बीएलडीसी पंखा ३० वॅटमध्ये चालतो, तीन पंख्यांचे २२५ च्या जागी ९०. वरचा हिशोब पुन्हा केला तर संध्याकाळ ०.५५, रात्र १.७५, इन्व्हर्टरचे ०.६, एकूण २.९. एकाच बॅटरीत रात्र निघते आणि एक युनिट हाताशी राहतो, बॅटरी जुनी झाल्यावर तो लागतोच. तीन पंख्यांची किंमत आणि दुसऱ्या बॅटरीची किंमत शेजारी लिहून बघा, अजून काही सांगायची गरज नाही.

लेड अ‍ॅसिड ट्यूब्युलर घेऊ का, स्वस्त पडते, हा पुढचा प्रश्न येणारच. १५० एएचच्या ४ बॅटऱ्या म्हणजे कागदावर ७.२ युनिट, पण निम्म्याच्या खाली उतरवायच्या नाहीत म्हणजे ३.६, त्यात इन्व्हर्टरचा तोटा. तुमच्या २.९ ला पुरतील. माझी अडचण वेगळी आहे. लेड अ‍ॅसिड पूर्ण भरायला खूप वेळ घेते, शेवटचा २० टक्के भाग तर कितीही करंट दिला तरी हळूहळूच भरतो. ज्या घरात लाईट दिवसातून चार वेळा जाते तिथे ती कधीच पूर्ण भरत नाही, अर्धवट भरलेली पडून राहिली की प्लेटवर सल्फेट बसतं आणि दोन-तीन वर्षांत पाच तासांचा बॅकअप दोन तासांवर येतो. लिथियमला अर्धवट राहण्याचा त्रास नाही. लाईट क्वचित जात असती तर मी लेड अ‍ॅसिडला नाही म्हटलं नसतं, पण तुमच्याकडे नको.

मोटर. १ एचपीची मोटर चालताना हजार-अकराशे वॅट घेते, ते ३ किलोवॅटच्या इन्व्हर्टरला जड नाही. पण सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते, म्हणजे पाच-सहा हजार वॅटचा झटका. इन्व्हर्टर तो सहन करेल न करेल, बॅटरीचा बीएमएस, म्हणजे बॅटरीला सांभाळणारं तिच्यातलंच सर्किट, मध्येच वीज तोडेल, आणि तोडला की सगळं घर अंधारात. मोटर सरळ ग्रिडच्या भागात ठेवा, वर टाकी मोठी बसवा. लाईट असेल तेव्हा पाणी चढवून ठेवायचं, टाकी हीच मोटरची बॅटरी. ऊन असताना लाईट असेल तर मोटर सोलरवरच चालेल, कारण हायब्रिड ग्रिडच्या बाजूला पण वीज देतो.

पॅनल ५५० वॅटचे ४, म्हणजे २.२ किलोवॅट, चांगल्या दिवशी साडेआठ-पावणेनऊ युनिट. इन्व्हर्टर ३ किलोवॅटचा. सकाळी १० ते १ लाईट गेली तरी पॅनल चालू राहतं, घरातलं भागवतं, बॅटरी भरतं. बॅटरी भरली आणि ग्रिड नाही अशी वेळ आली तर मात्र इन्व्हर्टर पॅनलची वीज कमी करतो, कारण द्यायची कुठे. म्हणजे हायब्रिडमध्ये पण लाईट नसतानाची थोडी वीज वाया जातेच, सगळी वाचते असं कोणी सांगत असेल तर पटवून घेऊ नका.

हायब्रिडचं सगळ्यात महत्त्वाचं सेटिंग बॅटरीच्या राखीव पातळीचं. बरेच इन्व्हर्टर कंपनीतून स्वतःचा वापर आधी ह्या मोडमध्ये येतात, त्यात पीसीयूसारखाच प्रकार, लाईट असताना संध्याकाळी घर बॅटरीवर चालतं आणि रात्री ११ ला लाईट गेली की हातात काही नाही. तुम्ही ग्रिड असताना बॅटरी ८० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका, आणि ग्रिड नसताना १५-२० टक्क्यांपर्यंत जाऊ द्या. ही दोन वेगळी सेटिंग आहेत, बसवणाऱ्याकडून दोन्ही समोर बसून करून घ्या. त्या ८० टक्क्यांच्या हिशोबाने वरचे २.९ निघतात का ते पण बघा: ५.१ मधले ८० ते १५, म्हणजे ६५ टक्के, ३.३ युनिट, तोटा जाऊन ३ च्या आसपास. जेमतेम बसतं. ढगाळ दिवसांत पातळी १०० वर नेऊन ठेवा आणि ग्रिडवरून चार्जिंग चालू करा, बाकी वर्षभर ते बंद असलं तरी चालतं.

आता ते व्होल्टेज. गावात ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या टोकाला घर असेल तर संध्याकाळी १७०-१८० दिसतात. तुमच्या दृष्टीने लाईट आहे, पण हायब्रिडच्या मर्यादेबाहेर गेली की त्याच्या दृष्टीने लाईट गेली, तो बॅकअपवर जातो आणि बॅटरी उतरायला लागते. मग लोक म्हणतात लाईट तर होती, बॅटरी कशी संपली. दुपारी उलटं, लोड कमी आणि तुमचं सोलर लाईनमध्ये वीज ढकलतंय, त्यामुळे टोकाला व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर ग्रिड ओव्हरव्होल्टेज दाखवून बंद पडतो. वहीत संध्याकाळचा आकडा वारंवार १८० च्या खाली असेल तर ते तास लाईट गेल्याचे तास म्हणूनच मोजा आणि बॅटरीचा हिशोब त्यावर करा. इन्व्हर्टरच्या मर्यादा थोड्या सैल करता येतात, पण वीज कंपनीच्या परवानगीच्या आतच. स्टॅबिलायझर ग्रिड आणि हायब्रिडच्या मध्ये लावू नका, वीज उलट्या दिशेने जाण्यासाठी तो बनलेला नसतो. लावायचाच तर फ्रिजच्या मागे लावा.

बॅटरी नंतर घेऊ, आत्ता नुसता हायब्रिड इन्व्हर्टर, असं पण बरेच जण करतात. चालतं, पण समजून करा. बहुतेक हायब्रिड बॅटरीशिवाय लाईट गेल्यावर बंदच पडतात, अगदी ऑनग्रिडसारखे, कारण ढग आला-गेला की पॅनलची वीज खालीवर होते आणि ते सांभाळायला मध्ये बॅटरी लागते. आणि नंतर कुठलीही बॅटरी जोडता येत नाही, इन्व्हर्टर आणि बॅटरीचा बीएमएस एकमेकांशी बोलले पाहिजेत, इन्व्हर्टर कंपनीची मान्य बॅटऱ्यांची यादी असते ती आत्ताच मागून ठेवा.

वायरिंगबद्दल थोडं, कारण जुन्या घरात खरा त्रास तिथेच होतो. घराचे दोन भाग करताना फेज वेगळा करून भागत नाही, न्यूट्रल पण वेगळा करावा लागतो. जुन्या घरात सगळ्या खोल्यांचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र पिळलेले असतात. तसेच ठेवले तर ग्रिडच्या भागातला करंट बॅकअपच्या न्यूट्रलने परत जातो आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, कारण नसताना ट्रिप होत राहतो. प्रत्येक बोर्ड उघडून न्यूट्रल शोधायला एखादा दिवस जातो, कोटेशनमध्ये हे काम लिहून घ्या नाहीतर कोणी करत नाही.

दुसरं अर्थिंग. ग्रिड असताना न्यूट्रल आणि अर्थ लाईनच्या बाजूला कुठेतरी जोडलेले असतात. ग्रिड गेल्यावर हायब्रिड लाईनपासून तुटतो, तेव्हा ती जोडणी त्याने स्वतः आतून करायची असते किंवा बाहेर रिले लावून करावी लागते. ती झाली नाही तर बॅकअपवर असताना फ्रिजच्या बॉडीला करंट आला तरी आरसीसीबी पडत नाही. आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून हे कळत नाही, ते बटण अर्थ वापरतच नाही, जोडणी नसली तरी खटकन पडतं. तपासायचं असं: बसवणारा घरी असतानाच, भर उन्हात मेन स्विच खाली करा, बॅकअपवरच्या एका सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मल्टीमीटरने मोजायला सांगा. शून्याच्या जवळ आलं तर ठीक. ५०-१०० व्होल्ट दिसले तर जोडणी नाही, आणि ती झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. त्याच वेळी मेन खाली असतानाच पंखे, फ्रिज, टीव्ही सगळं एकत्र चालवून अर्धा तास ठेवा, फ्रिजचा कॉम्प्रेसर एकदा तरी सुरू होऊ द्या, आणि बॅटरी फुल असेल तर अजून चांगलं, मग पॅनलची वीज आपोआप कमी होते का की इन्व्हर्टर एरर दाखवून बंद पडतो ते पण तिथेच कळेल.